लेकीला सांभाळायला ताई शोधताना: दोन जाहिराती आणि एक पगारी आठवडा

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं तेव्हाच कळलं होतं की आई फेब्रुवारीअखेर साताऱ्याला परत जाणार. मी कामावर रुजू झाल्यापासून लेकीला तीच बघत होती. तरी सुद्धा आम्ही शोध सुरू करायला 2025 ची 6 जानेवारी उजाडली. लेक तेव्हा 16 महिन्यांची होती. घराजवळची दोन पाळणाघरं आधी पाहून झाली होती. एक जण दोन वर्षांखालचं मूल घेत नव्हते, दुसरं साडेपाचला बंद होत होतं आणि मला हिंजवडीहून वारज्याला पोचायला सात वाजतात. म्हणून घरीच येऊन सांभाळणारी कुणी मिळते का ते बघायचं ठरलं.

त्या दिवशी मी सोसायटीच्या आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली: "वारज्यात 16 महिन्यांच्या मुलीला सांभाळायला चांगली, विश्वासू बाई पाहिजे. पगार बोलून ठरवू." तीन दिवसांत अकरा फोन आले. प्रत्येक फोन त्याच तीन प्रश्नांवर यायचा: किती ते किती, वरकाम आहे का, आणि देणार किती. तिन्हींची उत्तरं माझ्याकडे पक्की नव्हती. "साधारण नऊ ते सात, बघू," असं मी म्हणायचे आणि पलीकडचा आवाज थंड व्हायचा. एक बाई सरळ म्हणाल्या, "ताई, बोलून ठरवू म्हणजे कमीच देणार ना? आकडा सांगा, मग बोलू." त्यांनी फोन ठेवला. त्यांचं बरोबर होतं. फोन करणारी बाई दोन घरच्या कामांच्या मधे कुठेतरी उभी राहून बोलत असते, आणि तिला त्या दोन मिनिटांत कळायला हवं असतं की हे काम तिच्या दिवसात बसतंय का.

मधे संक्रांत आली, कुणी फिरकलं नाही. एका एजन्सीतही जाऊन आले. तिथे एका महिन्याचा पगार कमिशन म्हणून आणि अकरा महिन्यांचा करार असं होतं, पण बाईंना आधी भेटता येणार नव्हतं. ते मला पटलं नाही.

20 जानेवारीला ओळखीतून एक मावशी आल्या. वय 58, वीस वर्षं बाळंतिणीच्या आणि बाळाच्या मालिशचं काम केलेलं. बोलणं मऊ, हात इतके सवयीचे की लेकीला अंगाखांद्यावर घेताच ती शांत झाली. मी म्हटलं, दोन-तीन दिवस येऊन बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक दार उघडं मिळताच जिन्याकडे पळाली. मावशी उठेपर्यंत ती तिसऱ्या पायरीवर पोचली होती. आई घरात होती म्हणून काही झालं नाही. मावशींचे गुडघे जमिनीवरून पटकन उठू देत नव्हते, आणि 16 महिन्यांच्या मुलामागे दिवसातून पन्नास वेळा उठावं लागतं. बाळाला सांभाळण्याचा अनुभव आणि चालत्या मुलाला सांभाळण्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या जिन्यात कळलं. पाळण्यातलं मूल ठेवाल तिथे राहतं. चालतं मूल बादलीत डोकावतं, गॅसचं बटण फिरवतं, जमिनीवर पडलेला शेंगदाणा तोंडात टाकतं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "या तीन दिवसांचे धरायचे ना?" मी आधी काहीच ठरवलं नव्हतं. दिवसाला 500 प्रमाणे 1,500 रुपये दिले. जाताना त्या म्हणाल्या की या तीन दिवसांसाठी त्यांनी एक मालिशचं घर सोडलंय. त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही "बघून घेऊ" म्हणत होतो, आणि त्या बघण्याची किंमत त्यांनी भरली होती.

25 जानेवारीच्या शनिवारी नवरा आणि मी कागद घेऊन बसलो. सगळ्यात जास्त वेळ तासांनी खाल्ला. माझं ऑफिस धरून सरळ हिशोब केला तर सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, म्हणजे साडेदहा तास होत होते. साडेदहा तास दुसऱ्याचं मूल सांभाळून, बसने घरी जाऊन स्वयंपाक करायचा, हे कोण किती महिने करेल? नवऱ्याने लवकरची शिफ्ट मागून घेतली. तो सातला निघून सहाच्या आत घरी, मी सकाळी सव्वानऊला बाहेर. तास नऊ ते सहा झाले आणि वर पंधरा मिनिटं दिवसभराचं सांगायला. मग पगार. आमच्या भागात ज्यांच्याकडे दिवसभराची बाई आहे अशा पाच घरी मी विचारलं होतं. आकडे 12,000 पासून 20,000 पर्यंत होते, आणि कमी आकड्याच्या दोन्ही घरी वर्षात तीन-तीन बायका बदलल्या होत्या. आम्ही 16,500 ठरवले. महिन्याचे 22 दिवस धरले की दिवसाला बरोबर 750 पडतात, त्यामुळे चाचणीच्या आठवड्याचा हिशोबही सोपा झाला.

मग हा मजकूर लिहिला. तो इथे जसाच्या तसा देते, कारण मला तेव्हा असा एखादा तयार मिळाला असता तर तीन आठवडे वाचले असते.

"वारजे, 16 महिन्यांची चालती मुलगी. सोमवार ते शुक्रवार, सकाळी 9 ते संध्याकाळी 6.15. शनिवार-रविवार सुट्टी. कामं: जेवण भरवणं, दुपारी झोपवणं, आंघोळ, लंगोट बदलणं, खेळवणं, संध्याकाळी खाली बागेत नेणं, तिचे कपडे आणि तिची भांडी. केर-फरशी, मोठ्यांचा स्वयंपाक, मोठ्यांची भांडी नाहीत; त्याला वेगळ्या ताई आहेत. 1 ते 3 वर्षांच्या चालत्या मुलाला किमान सहा महिने सांभाळलेलं असावं, त्या घराचा फोन नंबर द्यावा. पगार 16,500. सव्वासहाच्या पुढे थांबावं लागलं तर तासाला 100 वेगळे. आधी पाच दिवस काम करून बघायचं. त्या पाच दिवसांचे 3,750 रुपये शुक्रवारी संध्याकाळी हातात मिळतील, पुढे जमो किंवा न जमो. आमच्याकडून सकाळचा चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण."

व्हॉट्सॲपवर टाकलाच, शिवाय साठ रुपयांच्या प्रती काढल्या आणि वॉचमनकाका, कोपऱ्यावरचा भाजीवाला, इस्त्रीवाले दादा आणि आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई यांना दिल्या. खरा उपयोग शेवटच्या दोघांचा झाला. कुणाचं घर सुटतंय, कोण कुठे नाराज आहे, हे त्यांना ग्रुपच्या कितीतरी आधी माहीत असतं.

या वेळी फोन फक्त पाच आले, पण पाचही जणींनी कागद वाचून किंवा कुणाकडून वाचून घेऊन केलेले होते. तिघींना 2 फेब्रुवारीच्या रविवारी घरी बोलावलं, तासातासाच्या अंतराने. "अनुभव आहे का" हा प्रश्न मी सोडूनच दिला, त्याला सगळ्याच हो म्हणतात. त्याऐवजी विचारलं की मूल जेवायलाच तयार नसेल तर तुम्ही काय करता, आणि खेळताना पडून रक्त आलं तर आधी काय. एक जण म्हणाली, "माझ्याकडं सगळी पोरं जेवतात." दुसरी म्हणाली, मोबाईल लावून दिला की जेवतात. तिसरी जरा थांबली. "एक-दोन घास बघते, नाही घेतलं तर ताट बाजूला ठेवते. अर्ध्या तासानं परत. भुकेलं पोर जेवतं, ताई." पडण्याबद्दल म्हणाली, "आधी उचलते, पाण्यानं धुते, मग तुम्हाला फोन. लपवत नाही. एकदा लपवलं की मग रोज लपवावं लागतं."

ती तिसरी म्हणजे आमची ताई. शिवण्याला राहते, वय 34, मुलगा चौथीत. पूर्वी कर्वेनगरला एका घरी दोन वर्षं मुलगा सांभाळला होता. तिथे मी दुसऱ्या दिवशी फोन केला. "कशा आहेत?" असं विचारलं की "छान आहेत" एवढंच उत्तर येतं, म्हणून विचारलं की महिन्याला खाडे किती व्हायचे, न सांगता कधी राहिल्या का, आणि काम सुटलं कसं. महिन्याला एखादा खाडा, तोही आदल्या रात्री फोन करून. काम सुटलं कारण मुलगा शाळेत जायला लागला. शेवटी त्या बाई आपणहून म्हणाल्या, "मुलगा अजून तिचं नाव काढतो." एवढं मला पुरलं.

पण तिला अजून पुरलं नव्हतं. सध्या ती तीन घरी धुणं-भांडी करत होती, प्रत्येकी 3,000. सकाळी सातचं घर तसंच ठेवता येणार होतं, उरलेली दोन आमच्या वेळेत येत होती. तिने स्पष्ट विचारलं, "आठवड्यानं तुम्ही नाही म्हणालात तर माझी दोन घरं गेली ना?" मग दोघींनी मिळून तोडगा काढला. त्या आठवड्यात दोन्ही घरी तिची जाऊ बदलीला जाणार. बदलीचे, दोन घरांचे आठवड्याचे म्हणून, साधारण 1,500 तिने जावेला द्यायचे. आमच्याकडचे 3,750 मिळाल्यावर तिच्या हातात 2,250 राहणार आणि घरंही शाबूत. आम्ही बिनपैशाचं बोलावलं असतं तर तिला आमच्या घरी काम करण्यासाठी पदरचे 1,500 घालावे लागले असते. चांगल्या, कामात असलेल्या बायका फुकटच्या चाचणीला का येत नाहीत त्याचं उत्तर या हिशोबात आहे. ज्यांच्याकडे सोडायला काही नाही त्याच येऊ शकतात.

10 ते 14 फेब्रुवारी हा आठवडा ठरला. मी सोमवार-मंगळवार सुट्टी टाकली, बुधवार-गुरुवार घरून काम. पहिले दोन दिवस ताई निम्मा वेळच थांबणार होती, तरी पैसे पूर्ण दिवसाचे धरले, कारण बदली तर पूर्ण दिवसाचीच लागणार होती.

सोमवार वाया गेला. घरात आई, मी आणि ताई अशा तिघी. लेक आजीच्या पदराला धरून ताईकडे बघायची आणि रडायची. संध्याकाळी लक्षात आलं की आजी समोर असताना ती नव्या माणसाकडे जाईलच कशाला. मंगळवारी आई सदाशिव पेठेत माझ्या मावशीकडे राहायला गेली.

मंगळवारी मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिले. ताईने लेकीला उचललंच नाही. तिने मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या आणि दोन चमचे मागून घेतले, जमिनीवर भिंतीला टेकून बसली आणि लेकीकडे न बघता एकावर एक वाट्या रचायला लागली. रचायची, पाडायची. वाटी पडली की "अर्रर्र" म्हणायची. लेक माझ्या गुडघ्याला चिकटून बघत होती. मग दोन पावलं पुढे, परत मागे. चाळीस मिनिटं लागली. शेवटी तिने जाऊन रचलेल्या वाट्या स्वतः पाडल्या आणि "अव्व" म्हणून ताईच्या तोंडाकडे बघितलं. मी इतका वेळ श्वास धरून बसले होते.

बुधवारी मी एक तास बाहेर पडले. आत्याबाईंनी फोनवर सांगितलं होतं, तिचं लक्ष नाही तोवर गुपचूप सटक. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं: या वयात आई दिसेनाशी होण्याची भीती जास्त असते, न सांगता गेलात तर ती दिवसभर दारावरच लक्ष ठेवेल. म्हणून मी समोर बसून सांगितलं, "आई टाटा, आई परत येणार," आणि निघाले. खाली बाकावर बसले. वरून रडणं ऐकू येत होतं. मी घड्याळ बघत होते, बारा मिनिटांनी ते थांबलं. वर गेले तेव्हा दोघी खिडकीत कावळ्याला पोळीचा तुकडा ठेवत होत्या.

गुरुवारी जेवण आणि झोप ताईकडे सोपवून मी दहा ते तीन मैत्रिणीकडे बसून काम केलं. परत आले तर ताटलीत एक अर्धवट चावलेलं, न कापलेलं द्राक्ष होतं. पोटात गोळा आला. विचारलं, तर ताई लगेच म्हणाली, "हो, चार दिली. फ्रिजमध्ये होती, मागत होती." मी रागावले नाही, कारण फ्रिजमध्ये मीच ठेवली होती आणि मजकुरात आंघोळीपासून लंगोटापर्यंत सगळं लिहून घशात अडकणाऱ्या वस्तूंबद्दल मी एक शब्द लिहिला नव्हता. तिला द्राक्ष हातात घेऊन दाखवलं. ते गोल, गुळगुळीत आणि नेमकं त्या वयाच्या श्वासनळीत घट्ट बसेल एवढं असतं. म्हणून उभे चार तुकडे करायचे. सबंध शेंगदाणे, चणे, फुटाणे घरात खालच्या कप्प्यात नकोत. भरवताना मूल बसलेलं हवं, पळणारं नको. अडकलंच तर तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं, आवाजच फुटत नसेल तर पालथं धरून पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तळहाताने जोरात थापा द्यायच्या आणि शेजारच्या काकांना हाक मारायची. बादली वापरून झाली की लगेच रिकामी आणि पालथी, कारण वीतभर पाण्यातही एवढं मूल बुडू शकतं. हे सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं, खाली आम्हा दोघांचे, काकांचे आणि डॉक्टरांचे फोन नंबर.

शुक्रवारी मी ऑफिसला गेले. संध्याकाळी सहाला नवऱ्याने ताईला पाकीट दिलं, 3,750 रुपये. पुढचं काहीच बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, म्हणजे तिला पैसे "निकालावर" अवलंबून वाटू नयेत. ती गेल्यावर मी फ्रिज उघडला. स्टीलच्या डबीत सोमवारसाठी नव्हे, उद्यासाठी द्राक्षं ठेवलेली होती, उभी चार-चार तुकडे केलेली. चूक झाली तेव्हा तिने सरळ सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी हातात बदल दिसला. माझा निर्णय तिथेच झाला.

शनिवारी मी फोन केला आणि आधी तिलाच विचारलं, तुम्हाला जमतंय का. तिच्या तीन अटी होत्या. पाहुणे आले तर चहा करणार नाही, कारण गॅसपाशी उभं राहिलं की पोरीकडे पाठ होते. सव्वासहा म्हणजे सव्वासहा, मुलगा सातनंतर घरी एकटा असतो. आणि आम्ही गावाला गेलो तर तिचा पगार कापायचा नाही. तिन्ही मान्य केल्या. आमच्याकडून दोन: खाली बागेत असताना फोन फक्त आमचा आला तरच घ्यायचा, आणि ताप असेल तर विचारल्याशिवाय कुठलंही औषध नाही. महिन्याला दोन पगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार, सहा महिन्यांनी 1,000 वाढ, कुणालाही थांबवायचं असेल तर पंधरा दिवस आधी सांगायचं. एका पानावर लिहून दोघींनी सही केली, एक प्रत तिला. हॉलमध्ये कॅमेरा आहे हेही तेव्हाच सांगितलं. तो कुठपर्यंत बघतो ते माझ्या फोनवर तिला दाखवलं, आतल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात नाही हेही.

पोलिसांकडे माहिती द्यायला आम्ही दोघी चौकीवर गेलो. आधारची प्रत, दोन फोटो, सध्याचा पत्ता आणि मूळ गावचा पत्ता लागला. गावचा पिनकोड ताईला आठवत नव्हता, म्हणून एक फेरी वाढली. तो आधी लिहून न्या. दुसऱ्या फेरीला पोच मिळाली. एक समजून घ्या: मालकाने घरकामगाराची माहिती नोंदवणं वेगळं आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, त्यासाठी ज्याचा दाखला त्यानेच अर्ज करावा लागतो. ताईला मी आधीच सांगितलं होतं की हे तुमच्यावर संशय म्हणून नाही, भाड्याच्या घरासाठी आमचीही माहिती अशीच गेली होती. तरी बाकावर बसताना तिने पदर सारखा केला आणि चेहरा उतरला. तिला एकटीला पाठवलं नाही हे बरं झालं.

जुन्या दोन घरी तिने पंधरा दिवस आधी सांगितलं आणि 3 मार्चला रुजू झाली. ती दोन्ही घरं आता जावेकडेच आहेत. आई 28 फेब्रुवारीला गेली, मधला वीकेंड आम्ही दोघांनी काढला. शोधाचा एकूण खर्च मावशींचे 1,500, चाचणीचे 3,750 आणि प्रतींचे 60 असा 5,310 रुपये झाला.

रोजची एक वही ठेवली आहे. ताई पेनाने मोठं अक्षर काढते: "वरणभात दीड वाटी. झोप 12.40 ते 2.05. शी एकदा. बागेत घसरली, गुडघ्याला खरचटलं, धुतलं." पहिल्या आठवड्यात निघताना लेक रडायची, आता दार लावायला ताईच्या कडेवरून येते.

मे महिन्यात ताईच्या मुलाच्या शाळेला सुट्टी लागणार होती. गुढीपाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी तिने तो विषय काढला. मुलगा दिवसभर एकटा राहील म्हणून तिला काळजी होती. ठरलं असं की आठवड्यातून तीन दिवस तो आमच्याकडे येईल, पुस्तकं आणि कॅरम घेऊन, आणि जेवेलही इथेच. उरलेले दोन दिवस तो आजोळी. करारनाम्याच्या पानावर खाली ती ओळ ताईनेच लिहिली आहे, तारीख घालून.